ओला तूस वाळवला तरी पिल्लांना धाप का लागते?

«डॉक्टर, मी शिराळा तालुक्यातला. पहिल्यांदाच १००० गावरान पिल्लं आणली. पाचव्या दिवसापासून काही पिल्लं मान वर ताणून चोच उघडतायत, धाप लागलीये, पण आवाज येत नाही. रोज १५-२० मरतायत. मेडिकलमधून सर्दीचं औषध आणून पाण्यातून दिलं, काही फरक नाही. तूस भातगिरणीवरचा आहे. जरा ओलसर होता, पण पसरून चांगला वाळवून घेतला होता. हा कुठला रोग, आणि बाकीची पिल्लं कशी वाचवायची?»

आधी आजचं काम करा, बाकीचं नंतर वाचा. पिल्लं त्या तुसावरून आत्ताच उचला. ती ज्या भोकांच्या खोक्यांतून आली ती असतील तर त्यांत भरा, नसतील तर कुठलेही कोरडे पुठ्ठ्याचे खोके घ्या, आणि दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर आडोसा करून बल्ब लावून ठेवा. खाली वर्तमानपत्राचे चार-पाच थर अंथरा, पण वरचा थर चुरगाळून टाका. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि मग ती पांगळी होतात. कागद दिवसातून दोनदा बदला. ऊब मात्र कमी होऊ देऊ नका, या वयात पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सियस लागतातच. आणि शेडमधला तूस अजून हलवू नका. तो कसा काढायचा ते खाली सांगतो, कारण घाईने झाडू मारला तर आहे त्याहून जास्त नुकसान होईल.

तुम्ही लिहिलेली लक्षणं आणि दिवस बघता हा बहुतेक बुरशीचा न्यूमोनिया आहे. ॲस्परजिलस फ्युमिगॅटस नावाची बुरशी याच्या मुळाशी असते, कधी ॲस्परजिलस फ्लेवसही असते. पाटण, जावळी, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात मी २० वर्षांहून जास्त काळ कोंबड्या बघतोय, आणि जून ते सप्टेंबर या दिवसांत असे फोन दरवर्षी येतात. जवळजवळ प्रत्येक जण तुमच्यासारखंच सांगतो, की तूस ओला होता पण वाळवला. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की ओल गेली की धोका गेला. धान्य साठवताना ते खरं आहे, कारण तिथं बुरशी अजून लागलेली नसते. पण एकदा बुरशी लागून गेल्यावर वाळवणं म्हणजे तिला उडायला पंख देणं आहे.

कसं ते बघा. तूस ओला असतो तेव्हा बुरशी वाढत असते, तिचे धागे तुसाला धरून असतात आणि बिजाणू म्हणजे तिचं बी जागच्या जागी चिकटून राहतं. तूस वाळला की धागे मोडतात आणि बी सुटं होतं. हे बी इतकं बारीक असतं, साधारण २ ते ३ मायक्रॉन, की डोळ्यांना दिसत नाही आणि हवेत तासन्‌तास तरंगत राहतं. आता त्यावर ब्रूडरची ऊब येते. इतर पुष्कळ बुरशींना एवढी उष्णता सोसत नाही, पण फ्युमिगॅटसला ३७ अंशांच्या वरही चांगलं मानवतं. पहिल्या आठवड्यात बल्बखाली तूस खडखडीत होतो, पिल्लं दिवसभर पायाने उकरतात, आणि प्रत्येक उकरण्याबरोबर त्यांच्या नाकाशी बिजाणूंचा ढग उठतो. तुमच्या डोक्याच्या उंचीवर शेडमध्ये काहीच जाणवत नाही. पिल्लू मात्र जमिनीपासून दोन इंचांवर श्वास घेतं.

त्यातून पिल्लाचं शरीरही यासाठी कच्चं असतं. श्वासनलिकेतली धूळ वर ढकलणारी बारीक लव पहिल्या काही दिवसांत नीट काम करत नाही. पक्ष्यांना फुप्फुसांबरोबर वायुकोष असतात, पातळ पडद्याच्या पिशव्या, आणि घेतलेली हवा थेट तिथपर्यंत जाते. त्या पिशव्यांत जंतू खाणाऱ्या पेशींचा पहारा फार थोडा असतो. म्हणून ज्या तुसावर मोठ्या कोंबड्या काहीही न होता फिरतात, त्याच तुसावर पहिल्या तीन दिवसांतलं पिल्लू आजारी पडतं. श्वासातून बी आत गेल्यापासून धाप दिसेपर्यंत साधारण ४ ते १० दिवस जातात. तुमच्याकडे पाचव्या दिवशी सुरुवात झाली, म्हणजे पिल्लं शेडमध्ये सोडली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बी आत गेलं असणार.

आता ओळखायचं कसं, कारण धाप इतरही कारणांनी लागते. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बल्ब जास्त झाले. त्यात पिल्लं पंख पसरून चोच उघडतात, पण ती उबेपासून लांब, कडेला पळून बसतात, आणि बल्ब वर घेतला की अर्ध्या तासात शांत होतात. बुरशीचं पिल्लू उलट उबेखालीच डोळे मिटून, पिसं फुलवून बसलेलं असतं आणि दर श्वासाला मान पुढे-वर ताणून चोच उघडतं. दुसरी खूण तुम्ही स्वतःच हेरलीत, आवाज नाही. रानीखेत किंवा आयबी या विषाणूंच्या आजारांत घरघर, खरखर, शिंकणं ऐकू येतं. रात्री दिवे मंद करून शेडमध्ये पाच मिनिटं गप्प उभं राहा. पिल्लं धापा टाकताना दिसतायत पण कानाला काही लागत नाही, तर संशय बुरशीवर घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी रानीखेतची लासोटा लस दिली असेल तर तिचीही सौम्य सर्दी दोन-चार दिवस दिसते, पण त्यात रोज १५-२० पिल्लं मरत नाहीत. शेगडीचा धूर कोंडला तर सगळी पिल्लं एकदम गुदमरतात, काही थोडी नाहीत. काही पिल्लांत डोळ्यावर पापुद्रा येऊन पापणीखाली पिवळा, पनीरसारखा गोळा साचतो, काहींची मान वाकडी होते. ही दोन्ही बुरशीचीच रूपं आहेत. ती थोड्याच पिल्लांत दिसतात, पण दिसली तर शंका बरीच मिटते.

खात्री मात्र पिल्लू उघडल्यावरच होते. ताजी मेलेली पाच-सहा पिल्लं घ्या, एकावर भागत नाही. फुप्फुसांत राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या, कधी ज्वारीएवढ्या, पांढऱ्या-पिवळसर गाठी दिसतात, आणि बोटाने दाबल्यावर त्या घट्ट लागतात. नितळ असायला हवेत ते वायुकोषांचे पडदे गढूळ होतात, त्यांवर पिवळट चकत्या बसतात, आणि आजार जुना असेल तर त्यावर हिरवट-करडी लव उगवलेली नुसत्या डोळ्यांनीही दिसते. इथे एक गफलत होते. साल्मोनेलाच्या पांढऱ्या हगवणीतही फुप्फुसात गाठी येतात. पण त्यात पिल्लाची मागची बाजू पांढऱ्या चिकट विष्ठेने लिंपलेली असते, पोटातला बलक जिरलेला नसतो, यकृत सुजून त्यावर ठिपके असतात, आणि गाठी हृदयावरही असतात. बुरशीवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, साल्मोनेलावर तेच लागतं, म्हणून ही गाठ कशाची हे ठरवल्याशिवाय औषध ओतू नये.

दोन पावसाळ्यांपूर्वी कराडजवळच्या एका शेडवर मला जे दिसलं ते सांगतो, कारण असा उघड पुरावा क्वचित मिळतो. एकाच हॅचरीची, एकाच दिवशी आलेली २००० पिल्लं. शेडमध्ये मधे पत्रा लावून दोन भाग केले होते, प्रत्येकी १०००. खाद्य एक, पाणी एक, माणूस एक. डाव्या भागात सहाव्या दिवसापासून धाप, उजव्या भागात काही नाही. मालक तरुण मुलगा होता, त्याने दोन प्रकारची अँटिबायोटिकं देऊन झाली होती. मी तुसाची चौकशी केली. तूस पाटणकडच्या भातगिरणीचा, ६० पोती, आणि गोदामात एका कोपऱ्यात छप्पर गळत होतं. वरची पोती उजव्या भागात पसरली गेली, खालच्या थरातली डाव्या. खालच्या पोत्यांत तूस ढेकळं धरून होता, तो त्यांनी हाताने फोडला, दोन दिवस पंख्याखाली वाळवला आणि पसरला. मी दोन्ही भागांतला मूठ-मूठभर तूस खिडकीतून येणाऱ्या तिरिपीत झटकला. उजवीकडच्या तुसातून जड धूळ निघून लगेच खाली बसली. डावीकडच्यातून करडा धूर निघाला आणि हवेतच राहिला. वास मात्र दोन्हींना फारसा नव्हता, वाळल्यावर कुबट वास बराच जातो, तेव्हा नुसत्या नाकावर भरवसा ठेवू नका. सहा पिल्लं उघडली, पाचांच्या फुप्फुसांत गाठी होत्या. नमुना प्रयोगशाळेत गेला, पोटॅशच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धागे दिसले आणि नंतर माध्यमावर फ्युमिगॅटस उगवली.

पिल्लं त्याच संध्याकाळी हलवली. तरीही पुढचे आठ-नऊ दिवस मर चालूच राहिली, फक्त दिवसाला ३० वरून १८, मग ९, मग ४ अशी उतरत गेली. तो मुलगा तिसऱ्या दिवशी हताश होऊन म्हणाला, «तूस बदलूनही मरतायतच की.» हे तुमच्याकडेही होणार, म्हणून आधीच सांगतो. जी पिल्लं आज ठणठणीत दिसतात त्यांतल्या काहींच्या फुप्फुसात बी आधीच रुजलेलं आहे. बदल चुकला असं समजून पुन्हा नवं औषध सुरू करू नका. मर उतरतेय का एवढंच रोज वहीत लिहून बघा. दहा दिवसांनंतरही उतरली नाही, तर बुरशीचा स्रोत अजून शेडमध्ये आहे किंवा निदान दुसरं आहे. शेवटी त्याच्या डाव्या भागात दोनशेच्या वर पिल्लं गेली, उजव्या भागात वीसेक. जी जगली त्यांतली बरीच वजनात मागे राहिली.

आता औषधाचं. ज्या पिल्लाला धाप लागली ते बहुधा एक-दोन दिवसांत जातं, आणि त्याला वाचवेल असं परवडणारं औषध नाही. माणसांना किंवा महागड्या पाळीव पक्ष्यांना देतात ती बुरशीविरोधी औषधं हजार पिल्लांना देणं खर्चात बसत नाही. निस्टॅटिन खाद्यातून देतात, पण ते आतड्यातून रक्तात शोषलं जात नाही, म्हणून फुप्फुसापर्यंत पोचत नाही. अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही. धाप कमी व्हावी म्हणून कोणी डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड सुचवलं तर कृपा करून देऊ नका, त्याने पिल्लाची उरलीसुरली प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. राहतो मोरचूद. आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या पाण्यातून देतात, प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या बादलीला १० ग्रॅम. त्याने पाण्याच्या भांड्यांतली बुरशी आटोक्यात राहते, फुप्फुसातली गाठ विरघळत नाही, एवढी अपेक्षा ठेवूनच द्या. तीन दिवसांहून जास्त नको, काट्यावर तोलून घ्या, चमच्याने अंदाज नको, आणि प्लॅस्टिकच्या भांड्यातच कालवा, कारण तो लोखंड आणि पत्रा खातो. जास्त झाला तर पिल्लांच्या पोटाचं अस्तर जळतं. या रोगात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. तो पिल्लापासून पिल्लाला लागत नाही. आजारी पिल्लं वेगळी काढायची ती त्यांना कोणी तुडवू नये आणि पाणी जवळ मिळावं म्हणून. रोग आटोक्यात येतो तो स्रोत काढल्यावरच.

तो स्रोत काढायचा असा. शेड रिकामं झाल्यावर तुसावर पंपाने बारीक फवारा मारा, पाण्यात मोरचूद १ टक्का, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम. तुसाचा वरचा थर दमट झाला पाहिजे, धूळ उडायची थांबली पाहिजे. तणनाशकाला वापरलेला पंप मात्र चुकूनही घेऊ नका. मग फावड्याने हलक्या हाताने पोत्यात भरा, तोंडं बांधा आणि शेडपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेऊन पुरा. शेडशेजारच्या उकिरड्यावर टाकलात तर तोच परत आत येईल. हे काम करणाऱ्याने साधा रुमाल नाही, एन-९५ मास्क बांधावा, कारण हीच धूळ माणसाच्या छातीलाही बाधते. घरात कोणाला दमा असेल तर त्याला तिकडे पाठवू नका. जमीन आणि भिंती साबणाच्या पाण्याने घासून धुवा, वाळू द्या, मग १० लिटरला २०० ग्रॅम मोरचुदाचा फवारा आणि भिंतींना चुना. जमीन पूर्ण वाळल्याशिवाय नवा तूस टाकू नका, ओल्या कोब्यावर टाकलेला कोरडा तूस खालून आठवड्यात बुरसतो.

खाद्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तेही तपासा. बुरसट खाद्य दोन वेगळ्या वाटांनी मारतं आणि लोक दोन्ही एकत्र करतात. भरड स्टार्टरची धूळ पिल्लू खाताना हुंगतं, त्या धुळीत बिजाणू असले तर हाच फुप्फुसाचा रोग होतो. दुसरी वाट विषाची. फ्लेवस बुरशी मक्यावर आणि शेंगपेंडेवर अफ्लाटॉक्सिन बनवते, ते यकृत खराब करतं आणि प्रतिकारशक्ती पाडतं, त्यामुळे तुसातल्या थोड्या बिजाणूंनीही पिल्लू लवकर कोसळतं. टॉक्सिन बाइंडर घातला की दोन्ही सुटलं असं दुकानदार सांगतात, पण बाइंडर काही विषं आतड्यात धरून ठेवतो, बिजाणूंवर त्याचं काही चालत नाही. इथंही वाळवण्याचा तोच भ्रम आहे. हिरवट मका उन्हात वाळवून, पाखडून, चांगल्या मक्यात मिसळतात. उन्हाने अफ्लाटॉक्सिन भरवशाने जात नाही, आणि पाखडताना बी उडून सगळ्या ढिगावर बसतं. घरी खाद्य दळत असाल तर मक्यात ओलावा १२-१३ टक्क्यांवर नको. मीटर नसेल तर दाणा दाढेखाली घ्या, कट्‌कन मोडला पाहिजे, चेपला तर ओला आहे. पावसाळ्यात खाद्य दहा-बारा दिवसांत संपेल एवढंच आणा, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पोत्यात हात घातल्यावर गरम लागलं किंवा ढेप हाताला आली तर ते पोतं पिल्लांना नको. भांड्याच्या तळाला राहिलेलं जुनं खाद्य रोज सकाळी खरवडून काढा, त्यावर नवं ओतू नका.

पुढच्या लॉटसाठी तूस शक्यतो एप्रिल-मेमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आत भरून ठेवा. आपल्याकडे उसाची बगॅसही स्वस्त मिळते, पण तिच्यात साखरेचा अंश उरतो आणि ओल लागली की ती तुसापेक्षा लवकर बुरसते, म्हणून लहान पिल्लांखाली मी ती टाकू देत नाही. पोती आली की प्रत्येक थरातलं एक-एक उघडा, तळातलं तर नक्कीच. ढेकूळ, करडा-हिरवा डाग किंवा तिरिपीत न बसणारा धूर दिसला तर ते पोतं परत करा. पिल्लं आल्यावर तुसाच्या गादीत ओल येते ती बहुतेक ड्रिंकरभोवती. ड्रिंकर विटेवर ठेवा, त्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणा, आणि भोवतीचा भिजलेला तूस रोज काढा. तो उलटून वाळू देणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महागात जाणारी सवय आहे. मूठभर तूस दाबून सोडा, गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. पावसात सगळे पडदे घट्ट ओढून घेतात, त्याने दमट हवा आत कोंडते. पडदा वरून फूटभर उघडा ठेवा, म्हणजे झोत पिल्लांच्या अंगावर येत नाही आणि वाफ निघून जाते.

हॅचरीची शंका तुमच्या मनात येईल. तिथंही हा रोग होतो, तडकलेली आणि घाण अंडी उबवणीत गेली तर आतच बुरशी लागते, पण तेव्हा मर बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू होते. त्याच तारखेची पिल्लं आणखी कोणी घेतली असतील तर त्यांना फोन करा. त्यांच्याकडे सगळं ठीक असेल तर हॅचरीशी भांडण्यात वेळ घालवू नका.

उद्या सकाळी दोन तासांच्या आत मेलेली पाच-सहा पिल्लं आणि धाप लागलेली तीन-चार जिवंत पिल्लं घेऊन जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा. मेलेली पिल्लं प्लॅस्टिक पिशवीत, थर्मासच्या डब्यात बर्फावर ठेवा, पण गोठवू नका. सोबत शेडच्या तीन-चार जागांवरचा तूस आणि मूठभर खाद्य वेगवेगळ्या कागदी पाकिटांत न्या. प्लॅस्टिकमध्ये बांधलं तर वाटेत घामेजून त्यात नवी बुरशी वाढते आणि तपासणी फसते. दररोजच्या मरीचे आकडे आणि पिल्लं आल्याची तारीख एका कागदावर लिहून त्यांना द्या.